ऑफरला हो म्हणण्याआधी: इन्शुरन्सची तारीख, पीएफचा आकडा आणि ग्रॅच्युइटीचे दिवस

प्रश्न: डोंबिवलीला राहतो, ठाण्यातल्या कंपनीत 10 जून 2021 पासून आहे. आठवड्याचे सहा दिवस काम, नोटीस 60 दिवसांची. आता अंधेरीच्या कंपनीची 12 लाख सीटीसीची ऑफर हातात आहे, त्यांना मी 16 मार्चला हवा आहे, नोटीसचे उरलेले पैसे ते भरतील म्हणतात. एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या, "मेडिक्लेम डे वनपासून आहे, पीएफ-ग्रॅच्युइटी रूल्सप्रमाणे." बायकोला डॉक्टरांनी 25 एप्रिलची तारीख दिली आहे. सध्याच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपण बसतं. आज 10 फेब्रुवारी, अजून राजीनामा दिलेला नाही. हे सगळं लेखी मागावं का? मागितलं तर ऑफर जाईल का? आणि नेमकं काय विचारू?

उत्तर:

मागा. ऑफर लेटर हातात आलं आहे आणि तुम्ही अजून सही केलेली नाही, म्हणजे विचारायची वेळ हीच. मी बरीच वर्षं मुंबईतल्या कंपन्यांचं पेरोल आणि एम्प्लॉई बेनिफिट्सचं काम बघतो. दहा फोन करून तेच तेच विचारणाऱ्या उमेदवाराला एचआर कंटाळते, पण एका मेलमध्ये नेमके प्रश्न विचारणाऱ्यावर चिडलेली मी क्वचितच पाहिली. राजीनामा मात्र उत्तर आल्याशिवाय देऊ नका.

तुमच्या बाबतीत सर्वांत तातडीचा प्रश्न इन्शुरन्सचा आहे, म्हणून आधी तोच.

"डे वनपासून" हे मॅडम खोटं बोललेल्या नसतील. बहुतेक ग्रुप मेडिक्लेममध्ये नव्या माणसाला रुजू झाल्याच्या तारखेपासूनच संरक्षण असतं. पण ते प्रत्यक्षात कसं लागू होतं ते बघा. कंपनीची पॉलिसी वर्षाची असते आणि तुमचं नाव त्यात नंतर जोडलं जातं. एचआरकडे एक एक्सेल असते: एम्प्लॉई कोड, आधारवरचं नाव, जन्मतारीख, नातं, रुजू तारीख. महिन्याभरातली नवी नावं त्यात भरून ती ब्रोकरकडे किंवा विमा कंपनीकडे जाते, बऱ्याच ठिकाणी महिन्यातून एकदाच, साधारण 25 तारखेच्या आसपास. मग विमा कंपनी एंडोर्समेंट काढते, म्हणजे ही नावं पॉलिसीत घेतली असा कागद. त्यानंतर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, सिस्टिममध्ये नावं चढतात आणि तुमचं ई-कार्ड तयार होतं.

म्हणून तारखा दोन आहेत. एक, जोखीम सुरू झाल्याची. दुसरी, ई-कार्ड हातात येण्याची. मधल्या तीन-चार आठवड्यांत हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर तुम्ही नाव सांगितलंत तर तिथली मुलगी सिस्टिममध्ये शोधेल आणि म्हणेल, "सर, रेकॉर्ड दिसत नाही." म्हणजे संरक्षण नाही असं नव्हे, कॅशलेस मिळणार नाही, एवढंच. सगळं बिल तुम्ही भरायचं आणि मग कागद लावून रिइंबर्समेंट मागायची. सिझेरियन झालं आणि बाळाला दोन दिवस एनआयसीयूत ठेवावं लागलं, तर तेवढी रक्कम त्या क्षणी खिशात असायला हवी. तेव्हा दोन्ही तारखा वेगवेगळ्या विचारा.

याहून वाईट एक शक्यता आहे, आणि ती बाहेरच्या माणसाला कधीच दिसत नाही. विमा कायदा 1938 चं कलम 64व्हीबी म्हणतं की प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. म्हणून कंपन्या विमा कंपनीकडे थोडे पैसे आगाऊ ठेवतात. आम्ही त्याला सीडी बॅलन्स म्हणतो. नवं नाव जोडलं की त्यातून प्रीमियम वजा होतो. बॅलन्स संपलेला असेल तर नाव अडकतं. माझ्यासमोरचं एक प्रकरण सांगतो. एक माणूस महिन्याच्या 3 तारखेला रुजू झाला. त्या महिन्यात बरीच भरती झाली होती, सीडी बॅलन्स आटला होता आणि अकाउंट्सने पैसे पाठवायला पुढच्या महिन्याची 8 तारीख उजाडवली. मधे त्याच्या मुलीला डेंग्यू झाला, ॲडमिट करावं लागलं. विमा कंपनीने पैसे आल्याच्या दिवसापासून जोखीम धरली आणि क्लेम फेटाळला. शेवटी खर्च कंपनीने आपल्या खिशातून दिला, कारण एचआरने रुजू तारखेपासून संरक्षण असल्याचं मेलवर लिहून दिलं होतं. तो मेल नसता तर त्याला काही मागता आलं नसतं.

यातून लेखी उत्तराची मर्यादाही कळते. एचआरचा मेल विमा कंपनीला बांधत नाही. विमा कंपनी पॉलिसी आणि एंडोर्समेंट बघते. मेल बांधतो तो मालकाला. म्हणून मेलसोबत पॉलिसीच्या अटींचं एक-दोन पानी सारांशपत्रही मागा. ते ब्रोकरने करून दिलेलं असतं आणि प्रत्येक एचआरकडे असतं. त्यात तुमच्यासाठी चार ओळी महत्त्वाच्या आहेत: बाळंतपणासाठीची नऊ महिन्यांची अट माफ आहे का, बाळंतपणाची कमाल रक्कम किती, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलं जातं का, आणि रुजू झाल्यावर किती दिवसांत कुटुंबाची नावं द्यावी लागतात. ही शेवटची मुदत बहुधा 30 दिवसांची असते. ती चुकली तर बायकोचं नाव पुढच्या नूतनीकरणापर्यंत जोडता येत नाही. पॉलिसी चालू असताना मधेच नाव घेतात ते नव्याने लग्न झालेल्या जोडीदाराचं आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं. तुमचं लग्न आधीच झालंय, म्हणून वहिनींचं नाव पहिल्याच यादीत जायला हवं. काही कंपन्या प्रोबेशन संपल्यावरच कुटुंबाला घेतात. तसं आहे का हेही स्पष्ट विचारा.

आता दुसरी बाजू, जुनी पॉलिसी. तुमचं आणि वहिनींचं तिथलं संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशी संपतं. क्लेम घेताना बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याची तारीख बघतात. आणि आज बाजारातून स्वतःची पॉलिसी घेऊन हे बाळंतपण भागणार नाही, कारण वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी वाट पाहण्याचा काळ असतो आणि दिवस गेलेले असताना तो पुरा होणं शक्य नाही. म्हणजे 25 एप्रिलच्या आसपास तुम्ही या किंवा त्या ग्रुप पॉलिसीत असायलाच हवं.

तारखा मांडून बघू. 16 मार्चला रुजू झालात, यादी 25 मार्चला गेली, तर ई-कार्ड एप्रिलच्या मध्यावर येईल. बाळ वेळेवर आलं तर निभेल. दोन-तीन आठवडे आधी आलं तर रोख भरावे लागतील. आज राजीनामा देऊन पूर्ण नोटीस केलीत तर शेवटचा दिवस 11 एप्रिल, रुजू 13 एप्रिलला. ही सर्वांत वाईट निवड, कारण यादी जायच्या सुमारासच प्रसूती येईल आणि ई-कार्ड मे महिन्यात.

माझ्या मते तुम्ही यातलं काहीच करू नये. राजीनामा मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्या, शेवटचा दिवस शुक्रवार 8 मे ठेवा आणि सोमवार 11 मेला अंधेरीला रुजू व्हा. बाळंतपण जुन्या पॉलिसीत, जुन्याच ई-कार्डवर, तुम्ही आधीच नाव नोंदवलेल्या हॉस्पिटलमध्ये होईल. बाळ आठ-दहा दिवस उशिरा आलं तरी चालेल. रुजू होताना वहिनी आणि बाळ दोघांची नावं पहिल्याच यादीत द्या. बाळाचं नाव ठेवलं नसेल तर यादीत 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव लिहितात, नंतर दुरुस्त होतं. एकच खात्री जुन्या कंपनीत आत्ताच करून घ्या: तिथल्या पॉलिसीचं नूतनीकरण 1 एप्रिलला आहे का. बऱ्याच कंपन्यांचं असतं, आणि त्या दिवशी बाळंतपणाची मर्यादा बदललेली असू शकते.

नवी कंपनी 11 मेपर्यंत थांबेल का? कारण सरळ सांगा. 16 मार्चच्या तुलनेत हे आठ आठवडे आहेत. मुंबईत 90 दिवसांची नोटीस असलेली माणसं रोज घेतली जातात, त्यामुळे ही मागणी अशक्य नाही. अगदी नाहीच म्हणाले तर 16 मार्च, पण मग यादी महिनाअखेरची वाट न पाहता रुजू झाल्या आठवड्यातच पाठवू, असं लेखी घेऊन. ब्रोकरला सांगून मधल्या तारखेला एक-दोन नावं जोडता येतात. एचआरला थोडी जास्त धावपळ करावी लागते, एवढंच.

हाच 11 मे ग्रॅच्युइटीलाही सोयीचा पडतो. त्याचं गणित बघा.

ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर ती अट नाही. तुमची पाच वर्षं 9 जून 2026 ला संपतात. पण कायद्यात वर्षाची व्याख्या दिवसांत आहे: बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं की ते सलग वर्ष धरतात, आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम असलेल्या ठिकाणी 190 दिवस. यावरून मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये चार वर्षं आणि पाचव्या वर्षी 240 दिवस भरलेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी पात्र ठरवली. अनेक कंपन्या हे मानतात, काही पूर्ण पाच वर्षंच मागतात.

तुमचं पाचवं वर्ष 10 जून 2025 ला सुरू झालं. 16 मार्चला अंधेरीला जायचं तर ठाण्याचा शेवटचा दिवस शनिवार 14 मार्च. तोवर होतात 278 दिवस, त्यातले रविवार 39. वजा केले की उरले 239. एका दिवसाने हुकता! रविवार आणि भरपगारी सुट्ट्या धराव्यात असं म्हणायला जागा आहे, पण तो वाद तुम्हाला निघून गेल्यावर घालावा लागेल. 8 मेपर्यंत थांबलात तर रविवार वगळूनही 286 दिवस भरतात. मधे बिनपगारी रजा घेतली असेल तर तेवढे दिवस वजा करून बघा. जुन्या एचआरलाही एक ओळीचा मेल टाका: "8 मे हा शेवटचा दिवस धरल्यास मला ग्रॅच्युइटी देय होईल का?" उत्तर पाच वर्षंच लागतील असं आलं, तर 8 मे ते 9 जून हा फक्त महिन्याचा प्रश्न उरतो आणि मग नव्या कंपनीशी 10 जूनची बोलणी करावी की नाही हे तुम्ही ठरवू शकता.

रक्कम किती ते समजा. तुमचं शेवटचं बेसिक 36,000 आहे असं धरलं तर 36,000 ला 15 ने गुणून 26 ने भागायचं, एका वर्षाचे 20,769 होतात, पाच वर्षांचे 1,03,846. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून चार वर्षं अकरा महिन्यांची पाच होतात. पण इथे पुष्कळ जण फसतात. ही वर करून धरण्याची सोय रक्कम मोजताना मिळते, पात्रता ठरवताना नाही. "चार वर्षं सात महिने झाले म्हणजे पाच झालेच" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

नव्या कंपनीकडे ग्रॅच्युइटीचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या पत्रकात ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत आहे की वर? बहुतेक जण आत दाखवतात, बेसिकच्या 4.81 टक्के. तुमचं बेसिक 50,000 असेल तर वर्षाचे 28,846. पाच वर्षांआधी सोडलंत तर हे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, तरी ते बारा लाखांत मोजलेले असतात. यात बेकायदा काही नाही. पण दोन ऑफरची तुलना करताना हा आकडा आधी बाजूला काढा. आणि पत्रात फिक्स्ड टर्म असा शब्द असेल तर मुद्दाम विचारा, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. नेमणूकपत्र अंधेरीच्या कंपनीचं आहे की एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, हेही बघा; ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम दोन्ही ज्याचं पेरोल त्याच्याकडे चालतात.

आता पीएफ. इथे "रूल्सप्रमाणे" हे उत्तर अगदीच अपुरं आहे, कारण नियमांत दोन्ही रस्ते बसतात आणि तुमच्या हातात येणाऱ्या पगारात फरक पडतो.

कायद्याप्रमाणे तुमचा वाटा 12 टक्के, मालकाचाही 12. पण सप्टेंबर 2014 पासून पीएफची वेतनमर्यादा महिना 15,000 आहे, आणि त्यावरच्या वेतनावर वर्गणी भरण्याची सक्ती मालकावर नाही. म्हणून काही कंपन्या पूर्ण बेसिकवर 12 टक्के भरतात, काही 15,000 चे 12 टक्के म्हणजे 1,800 भरतात. तुमच्या 12 लाखांचं दोन्ही प्रकारे काय होतं ते बघू. बेसिक महिना 50,000, आणि मालकाचा पीएफ व ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत, असं धरतो. मेडिक्लेमचा प्रीमियम आणि व्हेरिएबल पे सोपेपणासाठी बाजूला ठेवतो; तुमच्या पत्रकात ते असतील तर तेवढे वजा करा.

पूर्ण बेसिकवर पीएफ असेल तर मालकाचे वर्षाला 72,000 आणि ग्रॅच्युइटीचे 28,846 वजा होऊन महिन्याचा ग्रॉस उरतो 91,596. त्यातून तुमचे 6,000 पीएफ आणि 200 व्यवसाय कर गेला की हातात 85,396, टीडीएस सोडून. 1,800 वाला पर्याय असेल तर मालकाचे वर्षाला फक्त 21,600 जातात, ग्रॉस होतो 95,796, तुमचे 1,800 आणि 200 वजा होऊन हातात 93,796. फरक महिना 8,400. पण पहिल्या पर्यायात तुमच्या नावावर महिना 12,000 जमा होतात, दुसऱ्यात 3,600. सीटीसी दोन्हींत बाराच लाख.

कुठला चांगला? घर भाड्याचं असेल, बाळ येतंय, महिन्याची ओढाताण असेल तर 1,800 वाला वाईट नाही. शिस्तीने बाजूला पैसे टाकणं जमत नसेल तर पूर्ण बेसिकवाला घ्या. मी स्वतः तोच घेतो. पण निवड रुजू होतानाच करायची असते. एकदा पूर्ण वेतनावर वर्गणी सुरू झाली की मधेच 1,800 वर येऊ द्यायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत. म्हणून मेलमध्ये असं विचारा की वर्गणी कुठल्या वेतनावर, आणि मला निवड आहे का.

दोन गोष्टी मात्र तुम्हाला कोणी सांगितल्या तर मान्य करू नका. पहिली, "प्रोबेशनमध्ये पीएफ नाही." वर्गणी रुजू झाल्याच्या तारखेपासून लागते, प्रोबेशनचा तिच्याशी संबंध नाही. दुसरी, "बेसिक 15,000 च्या वर आहे, तुम्हाला पीएफ नको असेल तर नाही कापणार." ही सवलत मुळात पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याला आहे. तुम्ही 2021 पासून सभासद आहात, खातं चालू आहे, म्हणून तुमची वर्गणी चालूच राहते. रुजू होताना पीएफच्या फॉर्म 11 मध्ये तुमचा जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, लिहा. नवा यूएएन काढून देऊ म्हणाले तर नको म्हणा. दोन नंबर झाले की पैसे एकत्र करायला महिने जातात आणि पुढे पैसे काढताना कर ठरवण्यासाठी जी पाच वर्षांची सलग सेवा बघतात तीही तुटल्यासारखी दिसते.

बेसिक बघताना आणखी एक खूण. नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांहून जास्त असतील तर जादा भाग वेतनात धरला जातो. म्हणून तुमच्या पत्रकात बेसिक बारा लाखांच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच दिसलं, तर ग्रॅच्युइटी कुठल्या वेतनावर मोजणार हे विचारणं योग्य आहे. पीएफ 1,800 वरच ठेवलेला असेल तर या बदलामुळे हातातला पगार कमी होत नाही, असं कामगार मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे.

मेल कोणाला पाठवायचा? ज्यांनी ऑफर लेटर पाठवलं त्या एचआरला. प्लेसमेंट कन्सल्टंटला सीसीत ठेवा, पण त्याचं उत्तर धरू नका. तुम्ही रुजू झालात की त्याचं कमिशन सुटतं, पॉलिसी त्याने पाहिलेली नसते. मजकूर तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण आशय साधारण असा ठेवा:

"नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभार, मला ही संधी स्वीकारायची आहे. सही करण्याआधी काही बाबी आपल्याकडून लेखी मिळाव्यात ही विनंती. मी 11 मे रोजी रुजू होऊ इच्छितो. पत्नीची प्रसूती एप्रिलअखेरीस अपेक्षित आहे. ग्रुप मेडिक्लेममध्ये माझं, पत्नीचं आणि बाळाचं संरक्षण कुठल्या तारखेपासून सुरू होईल आणि ई-कार्ड किती दिवसांत मिळेल? कुटुंबाची नावं देण्याची अंतिम मुदत काय? पॉलिसीच्या अटींचा सारांश कृपया पाठवावा. पीएफची वर्गणी पूर्ण बेसिकवर आहे की 15,000 वर, मालकाचा वाटा सीटीसीत धरला आहे का, आणि मला निवड आहे का? ग्रॅच्युइटी सीटीसीच्या आत आहे की व्यतिरिक्त, आणि ती कुठल्या वेतनावर मोजली जाते? आपलं उत्तर आल्यावर लगेच सही करून पाठवतो."

"मला ही संधी स्वीकारायची आहे" हे वाक्य आधी येऊ द्या. ते नसलं तर मेल भावाची घासाघीस वाटतो. गरोदरपणाचा उल्लेख करायला घाबरू नका. तुम्ही रुजू होण्याची तारीख पुढे मागताय, त्याचं खरं कारण तेच आहे.

उत्तर बहुधा फोनवर येईल. एचआरला लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं जातं, त्यात डाव काही नसतो. फोन संपला की अर्ध्या तासात तुम्ही लिहा: "आत्ताच्या बोलण्याप्रमाणे मी असं समजतो की मेडिक्लेम 11 मेपासून, ई-कार्ड अमुक दिवसांत, पीएफ पूर्ण बेसिकवर. काही चुकलं असल्यास कळवावं." त्यावर नुसतं "ओके" आलं तरी ते लेखी आहे. एखादी कंपनी पीएफ-ग्रॅच्युइटीचं उत्तर देते आणि मेडिक्लेमवर "रुजू झाल्यावर बोलू" म्हणते. याचा अर्थ बहुधा इतकाच की पॉलिसी नूतनीकरणात अडकली आहे आणि अटी त्यांनाच ठाऊक नाहीत. तुमचं बाळंतपण जुन्या पॉलिसीत होणार असेल तर त्यासाठी ऑफर सोडू नका. 16 मार्चलाच या म्हणत असतील आणि तरी मेडिक्लेमवर लिहून देत नसतील, तर जाऊ नका.

रुजू झाल्यावर ई-कार्डवर तिन्ही नावं आणि जन्मतारखा बरोबर आहेत का ते तपासा; वहिनींच्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर यादीतही तेच द्या, नाहीतर हॉस्पिटलात ओळखपत्र जुळत नाही. मेची पीएफ वर्गणी 15 जूनपर्यंत भरली जायला हवी, त्यानंतर आठवड्याभरात पासबुक उघडून बघा. आणि जुन्या कंपनीने ग्रॅच्युइटी 30 दिवसांत दिली नाही, तर लेखी अर्जाची प्रत आणि त्यांचा तो एक ओळीचा मेल घेऊन कामगार खात्याकडे जाता येतं. तुमची जुनी कंपनी ठाण्याची आहे, तेव्हा अर्ज ठाण्याच्या कार्यालयात द्यायचा, मुंबईत नाही.